ईईएफसी खात्यातून खर्च भागवल्यावर ३१ मार्चचे पुनर्मूल्यांकन: तो फरक नेमका कशाचा?

मार्चअखेर हिशोब बंद करताना ईईएफसी खात्याच्या लेजरपाशी बहुतेक हिशोबनीस थबकतात. वर्षभर खात्यात डॉलर आले, त्यातून परदेशी बिले भागवली, काही डॉलर बँकेला विकून रुपये केले. आता स्टेटमेंटवर अमुक डॉलर शिल्लक आहेत आणि लेजरमध्ये रुपयांचा भलताच आकडा दिसतो. डॉलरला वर्षअखेरच्या दराने गुणले की फरक निघतो, तो नफ्यातोट्यात टाकला की काम झाले. इथवर कोणालाही सांगता येते. पण तो फरक शिल्लक डॉलरवर झाला की खर्च केलेल्या डॉलरवर, असे मालकाने किंवा ऑडिटरने विचारले, की गाडी अडते. शिवाय ‘खर्चही नव्या दराने बदलायचा का’ असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच.

मी हे एका उदाहरणावरच सांगतो. पुण्यातली एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड सॉफ्टवेअर कंपनी घेऊ. ग्राहक अमेरिकेतला, खाते डॉलरचे, हिशोब रुपयांत. खाते जानेवारीत उघडले. आकडे पटकन तपासता यावेत म्हणून दर मी गोल धरले आहेत, कुठल्या विशिष्ट वर्षाचे नाहीत.

आधी खात्याचा एक नियम लक्षात घ्या, कारण त्याचा हिशोबावर थेट परिणाम होतो. ईईएफसी हे बिनव्याजी चालू खाते आहे आणि त्यात डॉलर हवे तितके दिवस साठवता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका महिन्यात जमा झालेली रक्कम पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत रुपयांत बदलावी लागते. मंजूर कारणांसाठी वापरलेली आणि पुढच्या देण्यांसाठी राखलेली रक्कम तेवढी यातून सुटते. म्हणजे या खात्यात खर्च आणि रूपांतर या दोन्ही वाटांनी डॉलर सतत बाहेर जात असतात, आणि ३१ मार्चला उरलेले डॉलर बहुधा मार्चमध्येच आलेले असतात.

पहिली पायरी: प्रत्येक व्यवहार त्या दिवसाच्या दराने

एएस ११ सांगते की परकीय चलनातला व्यवहार नोंदवायचा तो व्यवहाराच्या तारखेच्या दराने. दरात फार चढउतार नसेल, तर आठवड्याचा किंवा महिन्याचा सरासरी दरही चालतो. अडचण अशी की डॉलर डॉलर म्हणूनच खात्यात आले तर बँक रुपये देत नाही, म्हणून दरही आपोआप मिळत नाही. तो तुम्हालाच ठरवावा लागतो. मी एफबीआयएलचा त्या दिवसाचा संदर्भ दर घेतो. काहीजण आपल्या बँकेचा टीटी बाइंग दर घेतात. दोन्हीला हरकत नाही, पण वर्षाच्या मध्येच एक सोडून दुसरा धरू नका. अपवाद एकच. डॉलर बँकेला विकून रुपये घेतलेत, तर बँकेने प्रत्यक्ष दिलेले रुपये हाच तुमचा आकडा. तिथे संदर्भ दराचे काही काम नाही.

आपल्या कंपनीचे तीन महिने असे गेले:

| तारीख | व्यवहार | डॉलर | दर | रुपये |
|---|---|---|---|---|
| १० जानेवारी | ग्राहकाकडून जमा | २०,००० | ८६.०० | १७,२०,००० |
| २५ जानेवारी | सर्व्हरचे भाडे | −३,००० | ८६.५० | −२,५९,५०० |
| १८ फेब्रुवारी | परदेशी डिझायनरचे बिल | −७,००० | ८७.०० | −६,०९,००० |
| २८ फेब्रुवारी | रुपयांत रूपांतर | −१०,००० | ८६.८० | −८,६८,००० |
| १२ मार्च | ग्राहकाकडून जमा | १५,००० | ८७.२० | १३,०८,००० |
| २० मार्च | सर्व्हरचे भाडे | −४,००० | ८६.४० | −३,४५,६०० |
| २५ मार्च | बँकेचा आकार | −५० | ८६.२० | −४,३१० |

डिझायनरच्या ओळीपाशी क्षणभर थांबू. त्याचे बिल ३१ जानेवारीचे होते. त्या दिवशी दर ८६.६० होता, म्हणून खर्च ६,०६,२०० रुपयांना नोंदवला आणि तेवढेच देणेकऱ्याच्या खात्यात जमा केले. पैसे १८ फेब्रुवारीला गेले तेव्हा दर ८७ झाला होता. वरचे २,८०० रुपये हा देणेकऱ्याच्या खात्यावरचा विनिमय तोटा. बँक खात्याच्या फरकाशी त्याचा संबंध नाही. देणेकरी, येणेकरी आणि बँक या तिघांचे फरक शेवटी नफातोटा पत्रकात एकाच नावाखाली येतात, पण काढायचे मात्र वेगवेगळे. ग्राहकाचे इन्व्हॉइस आणि प्रत्यक्ष जमा यांतला फरकही असाच त्याच्या खात्यावर काढायचा. तो इथे मी धरलेला नाही.

दुसरी पायरी: आधी डॉलर जुळवा, रुपये नंतर

पुनर्मूल्यांकनाला हात घालण्याआधी लेजरमधली डॉलरची शिल्लक आणि बँक स्टेटमेंट सेंटपर्यंत जुळले पाहिजेत. वरच्या उदाहरणात २५ मार्चचे ५० डॉलर मी मुद्दाम ठेवले आहेत. परदेशी रक्कम पाठवताना कापलेला आकार नोंदवायचा राहून जातो. लेजर म्हणते ११,००० डॉलर, स्टेटमेंट म्हणते १०,९५०. अशा वेळी कोणी घाईत स्टेटमेंटचे डॉलर घेऊन पुनर्मूल्यांकन केले, तर ते ४,३१० रुपये विनिमय तोट्यात मिसळून जातात आणि बँक आकाराच्या खात्यात कधीच पोचत नाहीत. रुपयांच्या खात्यात अशी चूक लगेच डोळ्यावर येते. इथे विनिमय फरक नावाची गोणी तयारच असते, तिच्यात काहीही खपते. म्हणून डॉलर जुळल्याशिवाय दराकडे पाहायचेच नाही.

तिसरी पायरी: वर्षअखेरचा दर आणि एकच वजाबाकी

बँकेतली शिल्लक ही मौद्रिक बाब, म्हणून ती ताळेबंदाच्या तारखेच्या दराने दाखवायची. ३१ मार्चला दर प्रसिद्धच झाला नसेल तर त्याआधीचा शेवटचा दर घ्या. २०२४ साली ३१ मार्चला रविवार होता, ३० ला शनिवार आणि २९ ला गुड फ्रायडे. त्यामुळे २८ मार्चचाच दर वापरावा लागला. येणेकरी, देणेकरी आणि बँक या सगळ्यांना हाच एक दर लावा.

आपल्या उदाहरणात वर्षअखेरचा दर ८५.६० धरू. १०,९५० डॉलरचे होतात ९,३७,३२० रुपये. लेजरमध्ये वरच्या रुपयांच्या रकान्याची बेरीज ९,४१,५९० आहे. फरक ४,२७० रुपयांचा, आणि तो तोटा. जर्नल एन्ट्री अशी: परकीय चलन विनिमय तोटा नावे ४,२७०, ईईएफसी खाते जमा ४,२७०. या एन्ट्रीत डॉलर शून्य असतात, बदलतात ते फक्त रुपये.

एक्सेलमध्ये हा ताळा घ्यायचा असेल तर B रकान्यात डॉलर, जमा अधिक आणि खर्च वजा, C मध्ये दर आणि F1 मध्ये वर्षअखेरचा दर भरा:

```
=SUM(B2:B8)*F1-SUMPRODUCT(B2:B8,C2:C8)
```

उत्तर −4270 आले पाहिजे.

चौथी पायरी: त्या ४,२७० च्या पोटात काय आहे

मालकाला ‘डॉलरवर सव्वाचार हजारांचा तोटा झाला’ असे सांगितले तर ते खोटे नाही, पण फसवे आहे. २८ फेब्रुवारीला लेजर उघडून पाहा. डॉलर शून्य झाले आहेत आणि रुपयांची शिल्लक मात्र उणे १६,५०० दाखवते. नवखा हिशोबनीस इथे घाबरतो आणि एखादी एन्ट्री चुकली म्हणून शोधत बसतो. काहीच चुकलेले नसते. डॉलर ८६ ने आत आले आणि त्याहून चढ्या दरांनी बाहेर गेले. सर्व्हरच्या ३,००० डॉलरवर पन्नास पैशांप्रमाणे १,५००, डिझायनरच्या ७,००० वर रुपयाप्रमाणे ७,०००, रूपांतराच्या १०,००० वर ऐंशी पैशांप्रमाणे ८,०००. बेरीज बरोबर १६,५००. हा खराखुरा, पदरात पडलेला नफा आहे. फक्त त्याची वेगळी एन्ट्री कोणी केलेली नाही, म्हणून तो बँकेच्या लेजरमध्ये उणे शिल्लक होऊन बसला आहे.

मार्चमध्ये उलटे झाले. डॉलर ८७.२० ने आले आणि दर उतरला. सर्व्हरच्या ४,००० वर ऐंशी पैशांप्रमाणे ३,२०० गेले, बँक आकाराच्या ५० वर ५० रुपये. म्हणजे बाहेर गेलेल्या सगळ्या डॉलरवर मिळून निव्वळ १३,२५० रुपये नफा. उरलेल्या १०,९५० डॉलरवर प्रत्येकी १ रुपया ६० पैसे या हिशोबाने १७,५२० रुपये तोटा, पण तो अजून कागदावरचा. १३,२५० मधून १७,५२० वजा केले की उणे ४,२७०. ताळा जुळला.

आपल्या उदाहरणात फेब्रुवारीअखेर खाते रिकामे झाले, म्हणून कुठले डॉलर कुठल्या दराचे यात गोंधळ नाही. जुने आणि नवे डॉलर मिसळलेले असतील, तर आधी आलेले आधी गेले असे धरा किंवा भारित सरासरी दर काढा. पद्धत बदलली की मिळालेला नफा आणि कागदावरचा तोटा यांची विभागणी बदलेल, पण एकूण फरक तोच राहील.

ही विभागणी प्रत्येक खर्चाच्या वेळीच करायचीही एक रीत आहे. खर्च त्या दिवसाच्या दराने नावे टाकायचा, बँक खाते मात्र डॉलरच्या मूळ दराने जमा करायचे आणि मधला फरक तिथल्या तिथे विनिमय नफ्यात घ्यायचा. मग लेजरमध्ये उणे शिल्लक येत नाही आणि वर्षअखेर फक्त कागदावरचा १७,५२० चा तोटा उरतो. व्यवहार महिन्याला चार-पाच असतील तर ही रीत नेटकी आहे. पन्नास असतील तर मी तिच्या वाटेला जात नाही. रोजच्या दराने नोंद करतो आणि महिनाअखेर एकदाच फरक काढतो.

खर्चाचा दर बदलायचा का?

नाही. ३१ मार्चच्या दराशी झालेल्या खर्चाला काही देणेघेणे नाही. सर्व्हरचे जानेवारीचे भाडे २,५९,५०० रुपयेच राहणार. परदेशातून घेतलेल्या सेवेवर रिव्हर्स चार्जने जीएसटी भरता, तेव्हाही त्या व्यवहाराचा दर लागतो, वर्षअखेरचा नाही. आणि सेवांना कस्टम्सचा अधिसूचित दर लागत नाही, तो मालासाठी असतो.

दुसरी चूक याहून चोरटी आहे: डॉलर ८६ ने आले होते म्हणून खर्चही ८६ नेच नोंदवायचा. ‘आपल्याला तो डॉलर तेवढ्यालाच पडला ना,’ हे त्यामागचे म्हणणे. ऐकायला पटते. पण मग भाडे २,५८,००० दिसते आणि विनिमय नफा १,५०० ने घटतो. निव्वळ नफा मात्र तंतोतंत तोच राहतो! हीच या विषयातली खरी मेख आहे. बँकेची शेवटची शिल्लक दोन्ही रीतींनी ९,३७,३२० वरच येते, म्हणून खर्चाला कोणताही दर लावला तरी एक शीर्षक फुगते आणि दुसरे तेवढेच आकसते. ताळेबंद जुळतो, ट्रायल बॅलन्स जुळते आणि चूक वर्षानुवर्षे कोणाला दिसत नाही. ती दिसते ती जीएसटीच्या विवरणातला आकडा आणि खर्चाचा लेजर शेजारी ठेवल्यावरच.

खात्यातून गेलेला पैसा सगळाच त्या वर्षाच्या खर्चात गेला नसेल, तर मात्र नफाही चुकतो. त्यातून यंत्र घेतले, तर चुकीचा दर मालमत्तेच्या किमतीत जाऊन बसतो आणि घसाऱ्यातून पुढे अनेक वर्षे झिरपत राहतो. सॉफ्टवेअरचा वर्षाचा परवाना आगाऊ भरला, तर न वापरलेल्या महिन्यांची रक्कम ताळेबंदात राहते. ती अमौद्रिक बाब, कारण तिच्या बदल्यात डॉलर परत यायचे नसून सेवा यायची आहे. तिला ३१ मार्चचा दर लावायचा नाही, पैसे भरले त्या दिवसाचाच दर कायम. सेवेसाठी पुरवठादाराला दिलेल्या आगाऊ रकमेचेही तेच. करार मोडला आणि ती रक्कम डॉलरमध्ये परत यायची असेल, तरच ती मौद्रिक होते. सॉफ्टवेअरला हा भेद कळत नाही. पुरवठादाराच्या लेजरला डॉलर हे चलन दिलेले असले की त्यातली आगाऊ रक्कमही ते मुकाट्याने नव्या दराने बदलते.

टॅलीमध्ये

F11 मध्ये Enable multi-currency सुरू करा आणि बँकेचा लेजर डॉलर चलनातच उघडा. रुपयांत उघडलेल्या लेजरमध्ये डॉलरची शिल्लक दिसतच नाही, मग दुसरी पायरी कशी करणार? व्हाउचरमध्ये डॉलरच्या आकड्यासोबत त्या दिवसाचा दर टाका. टॅलीने आपणहून पुढे केलेला जुना दर तसाच स्वीकारणे ही इथली नेहमीची घसरण. ३१ मार्चचा दर Rates of Exchange मध्ये भरला की ताळेबंदात Unadjusted Forex Gain/Loss अशी ओळ उगवते. ती नफातोटा पत्रकात नाही, ताळेबंदात लटकलेली असते. ती साफ करण्यासाठी Journal या व्हाउचर प्रकारात एक क्लास तयार करून Use Class for Forex Gain/Loss Adjustments ला Yes करा. त्या क्लासने ३१ मार्चची एन्ट्री टाकली की ओळ निघून जाते. ती टाकण्यापूर्वी टॅलीचा आकडा एक्सेलच्या सूत्राशी ताडून पाहा. एका ठिकाणी मला सगळ्या लेजरची मिळून आलेली ओळ एकट्या बँकेच्या लेजरवर टाकलेली सापडली होती. ताळेबंद अर्थातच जुळत होता.

कर आणि रोख प्रवाह

उरलेल्या डॉलरवरचा फरक कागदावरचा आहे म्हणून तो करासाठी बाजूला काढता येत नाही. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या वर्षांसाठी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम ४३एए आणि आयसीडीएस ६ यांनुसार मौद्रिक बाबींवरचा वर्षअखेरचा फरकही त्याच वर्षाच्या उत्पन्नात किंवा खर्चात धरला जातो. नफा असो वा तोटा, न्याय एकच. कंपनीच्या बाबतीत त्यामुळे पुस्तकातला आकडाच पुढे जातो.

रोख प्रवाह पत्रकात मात्र ही विभागणी पाय अडकवते. एएस ३ म्हणते की परकीय चलनातल्या रोख शिलकेवर दरबदलाचा जो परिणाम झाला तो वेगळ्या ओळीत दाखवा. ‘वेगळी ओळ म्हणजे कागदावरचा तोटा’ असे समजून कोणी तिथे १७,५२० टाकतो आणि पत्रक १३,२५० रुपयांनी जुळत नाही. तपासून पाहा. सगळे व्यवहार त्या त्या दिवसाच्या दराने घेतले तर तीन महिन्यांचा निव्वळ रोख प्रवाह १८,०९,५९० येतो, कारण रूपांतर म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात गेलेला पैसा. शेवटी हातात रुपये खात्यात ८,६८,००० आणि ईईएफसीत ९,३७,३२०, मिळून १८,०५,३२०. तफावत ४,२७०. वेगळ्या ओळीत हाच आकडा जातो. कामकाजाच्या रोख प्रवाहात नफ्यापासून सुरुवात करता तेव्हाही बँक खात्यापुरते हेच ४,२७० परत मिळवायचे. डिझायनरच्या खात्यावरचे २,८०० मिळवू नका, ते रुपये खरोखर बाहेर गेले आहेत.

१ एप्रिलला काय?

काहीच नाही. १०,९५० डॉलर आता ९,३७,३२० रुपयांचे आहेत आणि ८५.६० हाच त्यांचा नवा मूळ दर. देय खर्चाच्या तरतुदी एप्रिलमध्ये उलटवतात, त्याच सवयीने काहीजण ही एन्ट्रीही उलटवतात. वर्षअखेर बेरीज जुळते, कारण उलटवलेले पुढच्या पुनर्मूल्यांकनात परत येते. पण एप्रिलच्या अहवालात ४,२७० चा खोटा नफा दिसतो आणि लेजरची सुरुवातीची शिल्लक ऑडिट झालेल्या ताळेबंदाशी जुळेनाशी होते. मार्चमध्ये आलेल्या त्या डॉलरपैकी जे वापरले किंवा राखले जाणार नाहीत, ते नियमाप्रमाणे ३० एप्रिलपर्यंत रुपयांत जायचे आहेत. ते गेले की लेजरमध्ये डॉलर शून्य आणि रुपये काहीतरी, असे चित्र पुन्हा दिसेल. तेव्हा एन्ट्री शोधत बसू नका, ८५.६० पासून किती पैसे वर किंवा खाली गेले ते मोजा.